अहवालाचं शेवटचं पान बाईंसाठी लिहा

शाळा सुरू झाल्या की मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्यांचे अहवाल शाळेत येऊ लागतात. भल्यामोठ्या अहवालातलं शेवटचं पान तेवढं बाई वाचतात आणि गाडी तिथंच अडते. 'वैयक्तिक लक्ष द्यावे, जादा वेळ द्यावा, प्रोत्साहन द्यावे.' पन्नास मुलांच्या वर्गात याचं करायचं काय?

हैदराबादच्या बेगम बाजारातल्या शाळेत चौथीत शिकणारा एक मुलगा कल्पनेत आणू. घरी मराठी, गल्लीत दखनी, शाळेत इंग्रजी, शिवाय २०१८च्या तेलंगणच्या कायद्यानं तेलुगूही सक्तीची. तक्रार एकच, सांगितलेलं काम अर्धवट सोडतो. नागपूरच्या डॉ. मलीन यांनी वेक्सलरच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी बेतलेली बुद्धिमापन चाचणी त्याला दिली. आकडे ऐकून पुन्हा म्हणण्यात तो बराच मागे पडला, बाकी ठीक.

आता सारांशात गुणांचा तक्ता पुन्हा उतरवू नये. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच वाक्यात यावं: 'समज वयाप्रमाणे आहे, पण तीन सूचना एकदम दिल्या तर शेवटची निसटते. वर्गातही हेच दिसलं.' हे दुसरं वाक्य महत्त्वाचं, कारण एका उपचाचणीवरून निष्कर्ष काढणं धोक्याचं. चाचणी कोणत्या भाषेत झाली तेही लिहावं. नाहीतर इंग्रजी कच्चं असणं आणि स्मरणात अडचण असणं यांची गल्लत होते.

शिफारशी तीन-चारच असाव्यात, सर्वांत निकडीची आधी. प्रत्येकीत कोणी, काय, केव्हा करायचं आणि फरक पडला हे कसं ओळखायचं, एवढं हवं. उदाहरणार्थ: 'वर्गशिक्षिकेनं गृहपाठ देताना एका वेळी एकच सूचना द्यावी, ती फळ्यावर लिहावी आणि मुलाकडून एकदा वदवून घ्यावी. आठवड्यात पूर्ण झालेल्या गृहपाठांची नोंद ठेवावी. सहा आठवड्यांत आकडा वाढला नाही तर उपाय बदलू.' हे पन्नास मुलांच्या वर्गातही जमतं.

'पहिल्या बाकावर बसवा' हे तर ठरलेलं वाक्य. पण पहिला बाक हातगाड्यांवर माल चढवणाऱ्या गल्लीकडच्या खिडकीपाशी असेल तर? वर्ग न पाहता केलेली शिफारस ही अशी. मानसशास्त्रज्ञांनी निदान बाईंना एक फोन तरी करावा.

परीक्षेतली सवलत वेगळी लिहावी. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र दिव्यांग विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, पण त्यासाठी अधिकृत प्रमाणपत्र लागतं. नुसत्या अहवालावर ही सवलत मिळेल असा पालकांचा समज होऊ देऊ नये. घरातले वाद, आजारपण यांतलं वर्गात उपयोगी पडणार नाही ते शाळेच्या प्रतीत नकोच.

पालकांनो, अहवाल घेऊन निघण्याआधी शेवटचं पान तिथंच वाचा आणि एकच प्रश्न विचारा: 'सोमवारी बाईंनी नेमकं काय करायचं?' उत्तर त्या पानावर नसेल, तर ते लिहून घेतल्याशिवाय उठू नका.