घरात पाचही जणांचं एचबी ११.८, मग रक्त कमी कोणाला?

संग्रामपूर : तपासणीचा कागद हातात आला की घरोघरी आकड्यांची तुलना सुरू होते. पण हिमोग्लोबिनचा एकच आकडा एकाला चांगला तर दुसऱ्याला कमी असू शकतो. समजा, एका घरातल्या पाच जणांचं एचबी ११.८ निघालं. म्हणजे प्रत्येकाच्या १०० मिली रक्तात ११.८ ग्रॅम हिमोग्लोबिन.

घरातला पस्तिशीचा कर्ता माणूस : याला रक्त कमी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार पुरुषाला किमान १३ पाहिजे. वयात आल्यावर मुलांच्या अंगात पुरुषी हार्मोन वाढतो, तो हाडातल्या मगजाला जास्त रक्त तयार करायला लावतो. त्याआधी मुलगा-मुलगी यांच्या आकड्यात फारसा फरक नसतो.

त्याची बहीण, गरोदर नाही : बाईला किमान १२ पाहिजे, म्हणून हिलाही थोडं कमीच. हा हार्मोन बायांमध्ये फार कमी असतो, म्हणून त्यांची रेषा खाली आहे. त्यात दर महिन्याच्या पाळीत रक्तासोबत लोहही जातं.

आठ महिन्यांची गरोदर सून : हिचं ठीक आहे, कारण या महिन्यात रेषा ११ ची. गरोदरपणात रक्तातलं पाणी लाल पेशींपेक्षा जास्त वाढतं, त्यामुळे रक्त पातळ होऊन आकडा उतरतो. पण आकडा ठीक आला म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. बाळ पोटात लोह घेतच असतं.

चार वर्षांचा नातू : यालाही चिंता नाही. या वयात ११ च्या वर चालतं.

सत्तरीचे आजोबा : खरी गफलत इथंच होते. "वय झालं, रक्त कमी होणारच," असं म्हणून सोडून देतात. वयानुसार हार्मोन घटतो, आकडा थोडा उतरतो हे खरं. तरी म्हाताऱ्या पुरुषासाठीही रेषा १३ चीच आहे. त्याखाली आकडा गेला की कारण शोधावं लागतं.

आपल्या खारपाणपट्ट्यात किडनीचे रुग्ण बरेच आहेत, म्हणून हे लक्षात ठेवायला हवं. रक्त तयार करा, हा निरोप मगजाला किडनीच पाठवते. किडनी थकली की निरोप कमी जातो आणि एचबी उतरतं. अशा वेळी नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी आकडा पुरेसा वाढत नाही. महिना-दोन महिने गोळ्या घेऊनही फरक नसेल, पायावर सूज असेल, तर डॉक्टरांना क्रिएटिनिनची तपासणी विचारावी. शौच डांबरासारखं काळं होत असेल तर पोटात रक्तस्राव असू शकतो. मग लगेच दवाखाना गाठावा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, म्हणून गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगावं.