मूल वर का पाहत नाही?

लहान मुलाचा घसा दुखतो तेव्हा घरातली माणसे प्रथम त्याच्या तोंडात पाहतात. आमची विनंती अशी की, त्याच्या मानेकडेही पाहावे. घशाच्या एका दुखण्याची खूण तोंडात फारशी दिसत नाही, ती मानेत दिसते.

उदाहरणापुरते लोणखेड्यातले तीन वर्षांचे एक मूल घेऊ. आठवडाभर त्याला पडसे आहे, नाक वाहते आहे. मग ताप चढतो, घसा दुखतो. दुकानातून आणलेल्या औषधाने ताप थोडा उतरतो आणि सारे निश्चिंत होतात. चौथ्या दिवशी मूल घास तोंडाबाहेर ढकलते. पाणीही नको म्हणते. लाळ हनुवटीवरून ओघळते, कारण तीसुद्धा गिळवत नाही. आवाज तोंडात घास धरून बोलल्यासारखा येतो. बाजूने हाक मारली तर ते मान वळवीत नाही, सगळे अंगच वळवते. आजीबाई म्हणतात, "उशी वाकडी झाली, मान धरली." कोणी म्हणते, "पडजीभ पडली, वर उचला."

आता आत काय चालले आहे ते पाहू. घशाची मागची भिंत आणि मानेचे मणके यांच्यामध्ये एक अरुंद पोकळी असते. लहानपणी तिच्यात बारीक रसग्रंथी असतात. नाकातला, नाकामागच्या भागातला आणि मधल्या कानातला संसर्ग या गाठींकडे येतो. एखादे वेळी गाठ सुजते, पिकते आणि तिचे गळू होते. चारपाच वर्षांच्या सुमारास या गाठी आपोआप लहान होत जातात. म्हणून हे दुखणे बहुतेक पाच वर्षांखालच्या मुलांचे. मोठ्या मुलात ते झालेच, तर तोंडात काडी धरून पळताना पडणे किंवा माशाचा काटा रुतणे असे काही कारण पुष्कळदा निघते.

गळू मणक्यांना लागून असल्यामुळे मान हलवली की ते ताणते. विशेषतः वर पाहताना. म्हणून परीक्षा सोपी आहे. डोक्याला हात लावू नये. मुलाला मांडीवर बसवून किल्ल्यांचा जुडगा त्याच्या डोळ्यांपुढून हळूहळू वर न्यावा. डोळे वर जातात, पण मान जात नाही, हे ध्यानात ठेवावे. मेंदूज्वरातही मान ताठ होते. पण तिथे अडचण मुख्यतः हनुवटी छातीला टेकविताना येते. हा फरक डॉक्टरांच्या उपयोगाचा. घरच्यांनी तो ठरवीत बसू नये, कारण दोन्हींत जागा दवाखान्याचीच.

पडजीभ उचलायला बोट घालणे मात्र धोक्याचे. गळू तोंडातच फुटले तर पू श्वासनलिकेत उतरतो. मान चोळणे, झटका देणे हेही नको. मुलाला बळेच उताणे निजवू नये. सुजलेली भिंत पुढे येऊन श्वास अडतो. ज्या स्थितीत ते आपण होऊन बसले आहे, तीच त्याला सोसणारी असते. तोंडाने काही देऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. श्वास घेताना घरघर होत असेल, बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर १०८ क्रमांकाला फोन करावा. शहादे जवळच आहे; पण ज्या ठिकाणी मुलांचे आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर व भूलतज्ज्ञ एकत्र मिळतात, तिथे नेणे बरे; मग तापी ओलांडून नंदुरबार गाठावे लागले तरी हरकत नाही.

तिथे मानेचे बाजूने क्ष-किरण चित्र काढतात. मणक्यांपुढची मांसल सावली दुसऱ्या मणक्यापाशी साधारण ७ मिलिमीटरहून जाड दिसली की शंका बळावते. यात एक फसगत आहे: मूल रडत असले किंवा मान पुढे वाकलेली असली, तर निरोगी मुलातही ही सावली फुगलेली दिसते. म्हणून मान शक्य तितकी सरळ असताना आणि श्वास आत घेतलेला असताना काढलेल्या चित्रावरच भिस्त ठेवायची. तरीही उलगडा न झाल्यास शिरेतून औषध देऊन सी. टी. स्कॅन करतात, त्यात गाठ नुसती सुजली आहे की पू झाला आहे, हे बरेचसे कळते.

दरेक गळू कापावे लागते असे नाही. श्वास मोकळा असेल आणि गळू लहान असेल, तर शिरेतून प्रतिजैविक औषधे देऊन एक-दोन दिवस बारकाईने पाहतात; पुष्कळ मुले एवढ्यानेच सुधारतात. ताप हटला नाही, गळू मोठे असले किंवा श्वासाला अडथळा आला, तर भूल देऊन तोंडातूनच छेद घेऊन पू काढतात. बाहेर मानेवर सहसा वण राहत नाही. यानंतरही गोळ्या किंवा पातळ औषध सांगितले तितके दिवस चालू ठेवावे लागते. ते मध्येच थांबवल्यामुळे पुन्हा मान धरलेली मुले आम्ही पाहिली आहेत. आणि त्या वेळीही घरी पहिला संशय उशीवरच घेतला गेला होता.