यूपीएससीचं गेट नऊला बंद होतं, मुरबाडची एसटी मात्र निवांत येते!

रविवार सकाळ. अख्खं ऑफिस गाढ झोपलेलं असतं आणि तुम्ही मात्र बॉसला न सांगता, दोन वर्षं रात्री जागून ज्याची तयारी केली, त्या यूपीएससीच्या प्रिलिम्सला निघालेले असता. घर मुरबाडला किंवा शहापूरला, सेंटर ठाण्याला. मी स्वतः आसनगावची लोकल पकडणारा माणूस, त्यामुळे या प्रवासातला प्रत्येक डळमळीत टप्पा मला पाठ आहे. आज प्रश्न एवढाच, की आयडी घरी राहिला किंवा गाडीने दगा दिला, तर नेमकं करायचं काय?

आधी घड्याळ बघा. पहिला पेपर साडेनऊला सुरू होतो, पण गेट बंद होतं नऊ वाजता. पूर्वी पेपरच्या 10 मिनिटं आधीपर्यंत आत घ्यायचे, आता अर्धा तास आधी कुलूप लागतं. दुपारच्या अडीचच्या पेपरलाही हाच हिशेब, गेट दोनला बंद. नऊ म्हणजे नऊ! 2024 च्या प्रिलिम्सला गुरुग्राममध्ये एका मुलीला गेटवरून परत पाठवलं आणि तिची आई तिथेच चक्कर येऊन पडली. तो व्हिडिओ देशभर फिरला, पण गेट काही उघडलं नाही.

बॅग उघडा, पण कल्याणला!

मुरबाडला रेल्वे नाही. एसटीने कल्याण गाठायचं, अंतर तीसेक किलोमीटर, वेळ साधारण तासभर. मग लोकलने ठाणे, अर्धा तास. पुढे रिक्षा. म्हणजे सहाच्या एसटीत बसलात तर कल्याण सातच्या सुमारास आणि सेंटरचं गेट सव्वाआठला. सगळं मस्त.

आता समजा, सात वाजून पाच मिनिटांनी कल्याण स्टेशनच्या पुलावर तुमच्या लक्षात आलं की आधार कार्ड घरी टेबलावरच राहिलंय. पहिली ऊर्मी काय येते? मागे फिरायची. नेमकं तेच करू नका. तुम्ही परत गेलात तर मुरबाडला आठ, पुन्हा कल्याणला नऊ. खेळ खल्लास.

कार्डाला मुरबाडहून ठाण्यापर्यंत फक्त एकदा यायचंय, तुम्ही मागे फिरलात तर तो प्रवास दुप्पट होतो. म्हणून घरी फोन करा. भाऊ असो, काका असो, ज्याच्याकडे बाइक आहे त्याला लगेच निघायला सांगा. सव्वासातला निघाला तर आठ-सव्वाआठला तो कल्याणला. तुम्ही तिथेच थांबा, कार्ड घ्या आणि मिळेल ती पहिली फास्ट पकडा. पावणेनऊला ठाणे, रिक्षा लगेच मिळाली आणि शाळा स्टेशनजवळ असली तर गेटवर नऊला पाच कमी. श्वास रोखून धरावा लागेल, पण जमतं.

हीच चूक गेटवर सव्वाआठला कळली तर मात्र बाइकचा काही उपयोग नाही. दहा वाजतील. म्हणून बॅग तपासायची जागा सेंटर नव्हे, कल्याण!

शहापूरकरांची गोष्ट थोडी वेगळी आहे. शहापूरहून आसनगाव स्टेशन जवळ, रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. प्लॅटफॉर्मवर लक्षात आलं तर घरी जाऊन येता येतं. पण कसाऱ्याकडून येणाऱ्या लोकल कमी, एक चुकली की पुढचीची बराच वेळ वाट. त्यामुळे तुमची खरी गाडी ती नव्हे, तिच्या आधीची! रविवारी गाड्या आणखी विरळ असतात, शिवाय मेगाब्लॉक. त्याच्या वेळा रेल्वे एक-दोन दिवस आधी जाहीर करते, शनिवारी त्या बघितल्याशिवाय झोपू नका.

कुठलाही आयडी चालेल का हो?

नाही. इथेच अनेकांची दांडी गुल होते. फॉर्म भरताना ज्या ओळखपत्राचा नंबर दिलात, तोच ॲडमिट कार्डवर छापलेला असतो आणि तेच ओळखपत्र, ओरिजिनल, प्रत्येक पेपरला दाखवायचं असतं. फॉर्मात पॅन लिहिलं आणि खिशात ऑफिसचं चकचकीत आयकार्ड असेल, तर त्याला तिथे शून्य किंमत.

फॉर्मात आधार दिलं असेल तर एक वाट उरते, ई-आधार. मोबाइलवर myaadhaar.uidai.gov.in उघडा, नंबर टाका, ओटीपी येईल, पीडीएफ उतरेल. ती उघडायला पासवर्ड लागतो, तो म्हणजे आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. नाव सुरेश, जन्म 1998 चा, तर SURE1998. मग झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट घ्या. मोबाइलच्या स्क्रीनवर दाखवून भागणार नाही, कारण मोबाइल आत नेताच येत नाही.

यात दोन खाचखळगे आहेत. एक, डाउनलोड करताना 'मास्क्ड' आधारवर टिक करू नका. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, मग ॲडमिट कार्डावरचा नंबर जुळवणार कसा? दुसरा आपल्या भागातला खास. आधारला मोबाइल नंबर बरेचदा वडिलांचा जोडलेला असतो. वडील सकाळीच शेतावर आणि तिथे रेंज नाही. ओटीपी गेला वाऱ्यावर! तुमचा नंबर जोडलाय का, हे महिनाभर आधी बघा.

यूआयडीएआयच्या मते ई-आधार मूळ कार्डाइतकंच वैध आहे. तरीही गेटवर निर्णय घेतात सेंटरचे सुपरवायझर. वाद घालू नका, प्रिंट आणि ॲडमिट कार्ड शेजारी धरून नंबर दाखवा, बोलणं शांतपणे करा. आणि हे सगळं नऊच्या आत.

गेट बंद झालं. आता?

आता नीट ऐका, कारण हे फार कमी जणांना माहीत असतं. सकाळचा पेपर हुकला की मित्र म्हणतात, "आलाच आहेस तर दुपारचा सीसॅट तरी दे, प्रॅक्टिस होईल." अजिबात देऊ नका!

नियम असा, की प्रिलिम्सचा एक जरी पेपर दिलात तरी अटेम्प्ट मोजला जातो. आणि दोन्ही पेपर दिले नाहीत तर निकालासाठी तुमचा विचारच होत नाही. म्हणजे एकट्या सीसॅटला बसून पदरात काहीच पडत नाही, उलट एक अटेम्प्ट खर्ची पडतो. खुल्या वर्गाला सहाच, ओबीसींना नऊ. दोन तासांच्या प्रॅक्टिससाठी ही किंमत फार झाली. तोच पेपर संध्याकाळी घरी बसून, घड्याळ लावून सोडवा, प्रॅक्टिस तीच. सकाळी गेटवरूनच परतलात आणि दुपारीही बसला नाहीत, तर अटेम्प्ट शिल्लक राहतो.

एससी-एसटी उमेदवारांना वयोमर्यादेत अटेम्प्टचं बंधन नाही, त्यामुळे मुरबाड-शहापूरच्या ठाकर किंवा महादेव कोळी घरांतल्या मुलांना दुपारी बसल्याने तोटा नाही. वय मात्र सगळ्यांचंच पुढे सरकतं, गेटवरून परतलात तरी ते वर्ष गेलंच.

म्हणून शक्य असेल तर शनिवारी रात्रीच ठाण्या-कल्याणच्या मावशीकडे मुक्कामाला जा. 2024 ची प्रिलिम्स 16 जूनला होती, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. अशा दिवशी एसटीवर भरवसा ठेवण्यापेक्षा मावशीच्या हातचे पोहे कधीही परवडतात!