लिलावातील खेळाडूची रास्त किंमत

डिसेंबर 2011 मध्ये जालन्याच्या विजय झोल या मुलाने कूचबिहार करंडक स्पर्धेत महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून खेळताना आसामविरुद्ध नाबाद 451 धावा केल्या. पुढे तो एकोणीस वर्षांखालील भारतीय संघाचा कर्णधार झाला. फेब्रुवारी 2014 मध्ये बंगळूर येथे झालेल्या आयपीएलच्या लिलावात बंगळूरच्या संघाने त्याला 30 लाख रुपयांना घेतले. त्याच लिलावात याच संघाने युवराजसिंग याच्यासाठी 14 कोटी रुपये मोजले होते.

त्या काळात जालन्यातील कोणत्याही वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने सहज विचारले असते, "सर, 451 धावांचे 30 लाखच का?" प्रश्न भाबडा वाटतो, पण त्यात खरे तर तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत. मागच्या कामगिरीवरून पुढची कामगिरी किती ओळखता येते? त्या कामगिरीचे रुपयांत रूपांतर कसे करायचे? आणि संघाच्या थैलीत किती पैसे उरले आहेत यावर ती किंमत कशी अवलंबून असते? हे तीन प्रश्न आपण क्रमाने पाहू. त्यासाठी लागणारे गणित नववी-दहावीच्या पलीकडचे नाही.

धावा कोणापेक्षा जास्त?

पहिली गोष्ट ही की, खेळाडूच्या एकूण धावा मोजून उपयोग नाही. तो संघात नसता तर त्याच्या जागी दुसरा कोणी खेळलाच असता आणि त्यानेही काही धावा केल्याच असत्या. म्हणून प्रश्न असा विचारायचा: मूळ किमतीला, म्हणजे लिलावातील कमीत कमी दराला, सहज मिळणारा फलंदाज तेवढ्याच चेंडूंत किती धावा करील, आणि आपला खेळाडू त्याहून किती जास्त करील? या फरकाला आपण 'जादा धावा' म्हणू. गोलंदाजाच्या बाबतीत त्याने वाचवलेल्या धावा याच रीतीने मोजता येतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वीस षटकांच्या एका राज्यस्तरीय स्पर्धेतील 'क्ष' या फलंदाजाने गेल्या हंगामात 12 डावांत 300 चेंडू खेळून 420 धावा केल्या. म्हणजे तो एका डावात सरासरी 25 चेंडू खेळतो आणि शंभर चेंडूंमागे 140 धावा करतो. मूळ किमतीचा फलंदाज शंभर चेंडूंमागे 110 धावा करतो असे मानू. तेव्हा 25 चेंडूंत 'क्ष'च्या 35 धावा होतात, तर दुसऱ्याच्या साडेसत्तावीस. दर डावात साडेसात धावा जादा.

पण येथे थांबले तर आपली फसगत होईल.

सरासरीकडे ओढ

तीनशे चेंडू म्हणजे पन्नास षटके. एवढ्या थोड्या नमुन्यात नशिबाचा भाग मोठा असतो. सुटलेले झेल, लहान सीमारेषा, दुबळी गोलंदाजी हे सारे त्या 140 या आकड्यात मिसळलेले असते. एका हंगामात सर्वांत वर असलेले खेळाडू पुढच्या हंगामात एकंदरीने खाली येतात आणि तळाचे काहीसे वर येतात. यात त्यांचा खेळ बिघडला किंवा सुधारला असे असेलच असे नाही. नशीब दुसऱ्यांदा तसेच साथ देत नाही, इतकेच.

म्हणून खेळाडूचा स्वतःचा आकडा आणि सर्व फलंदाजांची सरासरी यांची भारित सरासरी घ्यावी. स्वतःच्या आकड्याला द्यायचा भार असा:

भार = n ÷ (n + k)

येथे n म्हणजे त्याने खेळलेले चेंडू. k हा आकडा जुन्या नोंदींवरून काढावा लागतो. पुष्कळ फलंदाजांच्या नोंदींचे दोन समान भाग करायचे आणि पहिल्या भागावरून दुसऱ्याचा अंदाज कितपत येतो ते पाहायचे. जेवढ्या चेंडूंच्या भागांमध्ये हा सहसंबंध बरोबर अर्धा येतो, तेवढे चेंडू म्हणजे k. आपल्या उदाहरणात k = 300 आणि सर्व फलंदाजांची सरासरी शंभर चेंडूंमागे 125 धावा मानू. भार 300 ÷ 600, म्हणजे निम्मा. म्हणून 'क्ष'कडून अपेक्षा 140 ची नव्हे, तर 140 आणि 125 यांच्या मध्याची, म्हणजे 132.5 ची करावी.

आता 25 चेंडूंत जादा धावा होतात (132.5 − 110) × 25 ÷ 100, म्हणजे सुमारे 5.6. हंगामात त्याला 8 डाव मिळतील असे धरले तर एकूण जादा धावा सुमारे 45.

451 धावांच्या कोड्याचे उत्तर येथे मिळते. ती खेळी असामान्य होती, पण ती एकच खेळी होती. ती अनेक दिवस चालणाऱ्या सामन्यातली होती, आणि गोलंदाजही त्याच वयोगटातले होते. वीस षटकांच्या, प्रौढ गोलंदाजांच्या सामन्यात काय होईल याविषयी ती फारच थोडे सांगू शकते. कामगिरी कितीही मोठी असली, तरी अंदाजातला तिचा भार लहान राहतो.

धावेचा भाव

दुसरा प्रश्न रुपयांचा. समजा, स्पर्धेत 6 संघ आहेत, प्रत्येकाकडे 20 लाख रुपये आहेत आणि प्रत्येकाला 18 खेळाडू घ्यायचे आहेत. मूळ किंमत 20 हजार आहे. अठरा जागांसाठी मूळ किमतीचे 3 लाख 60 हजार बाजूला ठेवावेच लागतात. उरलेले 16 लाख 40 हजार हे प्रत्येक संघाचे 'मोकळे पैसे'. सहा संघांचे मिळून 98 लाख 40 हजार.

घेतल्या जाणाऱ्या सर्व 108 खेळाडूंच्या जादा धावांचे अंदाज याच पद्धतीने काढले आणि त्यांची बेरीज 2460 आली असे मानू. 98,40,000 ला 2460 ने भागले की एका जादा धावेचा भाव 4000 रुपये येतो. म्हणून 'क्ष'ची रास्त किंमत 20,000 + 45 × 4000, म्हणजे 2 लाख रुपये.

हा भाव धावेच्या अंगचा नाही, हे ध्यानात घ्यावे. तो सभागृहातील एकूण पैसा आणि एकूण माल यांच्या भागाकारातून येतो. पैसा दुप्पट केला तर खेळाडू तेच राहून किमती वाढतील.

हातोडा पडत असताना

लिलाव सुरू झाला की हा भागाकार दर बोलीनंतर बदलतो. समजा, 60 खेळाडू विकले गेले. त्यांच्याकडून अपेक्षित जादा धावा 1240, आणि त्यांच्यावर खर्च झालेले मोकळे पैसे 62 लाख. म्हणजे संघांनी धावेमागे 5000 रुपये मोजले. आता सभागृहात 36 लाख 40 हजार मोकळे पैसे आणि 1220 धावा उरल्या. नवा भाव सुमारे 3000. 'क्ष' आता पुकारला गेला तर त्याची रास्त किंमत 1 लाख 55 हजारच. खेळाडू तोच, नोंदीही त्याच, पण आधीच्या उधळपट्टीने तो स्वस्त झाला. सुरुवातीला सर्वांनी हात आखडता घेतला असता, तर उलट घडले असते.

आता आपल्या संघाची थैली पाहू. आपण 10 खेळाडू घेतले आहेत, 8 जागा रिकाम्या आहेत आणि हाती 6 लाख 80 हजार आहेत. उरलेल्या 7 जागांचे 1 लाख 40 हजार राखून ठेवले तर 'क्ष'साठी आपण जास्तीत जास्त 5 लाख 40 हजारांची बोली लावू शकतो. ही झाली कमाल मर्यादा. तिची रास्त किमतीशी गल्लत करणे ही नेहमीची चूक आहे.

समजा, चुरशीत आपण त्याला 3 लाखांना घेतले. रास्त किमतीहून 1 लाख 45 हजार जास्त गेले. चालू भावाने त्या पैशात आपल्याला इतर जागांवर सुमारे 48 जादा धावा मिळाल्या असत्या, म्हणजे 'क्ष'सारखा आणखी एक खेळाडूच. जास्तीच्या बोलीचा खरा तोटा असा रिकाम्या राहिलेल्या जागांवर दिसतो.

2014 च्या लिलावात प्रत्येक संघाची मर्यादा 60 कोटी होती. बंगळूरने आधीच तीन खेळाडू राखून ठेवल्याने नियमाप्रमाणे साडेएकोणतीस कोटी वजा होऊन साडेतीस कोटी उरले. त्यातून एकट्या युवराजसाठी 14 कोटी, म्हणजे सुमारे 46 टक्के गेले. बाकीचा सारा संघ साडेसोळा कोटींत बसवावा लागला.

याला एक अपवाद आहे. उपयोगी खेळाडू जवळजवळ संपले असतील आणि थैलीत पैसे असतील, तर त्या पैशांना दुसरा उपयोग नसतो. अशा वेळी कमाल मर्यादेपर्यंत जाण्यातही शहाणपण असू शकते.

जिंकणाऱ्याची हार

शेवटचा सापळा अंदाजाच्या चुकीचा. समजा, 'क्ष'ची खरी किंमत 2 लाख आहे आणि सहा संघांचे अंदाज दीड, 1.7, 1.9, 2.1, 2.3 आणि अडीच लाख आहेत. अंदाजांची सरासरी बरोबर 2 लाख येते, म्हणजे सर्व मिळून कोणी चुकलेले नाही. पण खेळाडू मिळतो तो सर्वांत मोठा अंदाज असणाऱ्याला, आणि बोली थांबते दुसऱ्या क्रमांकाच्या अंदाजाच्या किंचित वर, 2 लाख 30 हजारांपुढे. जिंकणारा 30 हजारांनी फसतो. म्हणून बोली लावणारे जितके अधिक आणि आपला अंदाज जितका कच्चा, तितकी आपली कमाल बोली खाली ठेवावी.

या पद्धतीच्या उणिवाही आहेत. बळी जाण्याचा तोटा, यष्टिरक्षकाची गरज किंवा शेवटच्या षटकांतील गोलंदाजाचे महत्त्व यांचा आपण हिशेब धरलेला नाही. पद्धत कितपत चालते हे तपासायचे असेल तर दोन हंगामांपूर्वीच्या नोंदींवरून अंदाज काढावेत आणि ते गेल्या हंगामातील प्रत्यक्ष धावांशी ताडून पाहावेत. अंदाज एकाच दिशेने चुकत असतील, उदाहरणार्थ तरुण खेळाडूंचे नेहमी कमी येत असतील, तर सूत्रात दुरुस्ती हवी.

वर्गात हा प्रयोग एका तासात होतो. 24 चिठ्ठ्यांवर काल्पनिक खेळाडूंचे चेंडू आणि धावा लिहाव्यात. विद्यार्थ्यांचे चार गट करून प्रत्येकाला 100 चिंचोके द्यावेत आणि सहा खेळाडू घेण्याचे बंधन घालावे. प्रत्येक चिठ्ठीनंतर सभागृहातील उरलेले चिंचोके फळ्यावर लिहीत जावे. पहिल्या फेरीत बहुतेक गट सुरुवातीलाच चिंचोके उधळतात. दुसऱ्या फेरीत मुले आपण होऊन भागाकार करू लागतात.

आणि वर्गातला एखादा चांगला खेळाडू स्वतःची किंमत विचारू लागला, तर त्याला या सूत्रातील अंश आणि छेद दाखवावेत. त्यातील बराचसा भाग सभागृहातील पैशांचा आणि इतरांच्या रिकाम्या जागांचा आहे. त्याच्या हाती आहे तो फक्त n, म्हणजे खेळलेल्या चेंडूंचा आकडा, आणि त्या चेंडूंवरचा त्याचा खेळ.