लाइट जायची, लॅब चालायची

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे अपडेट्स बंद झाले आणि तेवढं निमित्त पुरलं. आमच्या शाळेतली जुनी लॅब भंगारात निघाली. नव्या लॅबमध्ये चकचकीत यंत्रं आली, सोबत पाच वर्षांचा देखभाल करार आला. पहिल्याच वळवाच्या पावसात दुपारभर लाइट ये-जा करत राहिली आणि दुसऱ्या दिवशी त्यातली चार यंत्रं निळ्या दुरुस्तीच्या पडद्यापुढे जाईनात. कंपनीला फोन केला. ‘कंप्लेंट लॉग झाली सर, इंजिनिअर येईल.’ दहा-बारा वर्षांपूर्वी हे काम आम्ही मधल्या सुट्टीत उरकत होतो, म्हणून हे लिहितोय.

अगदी सुरुवातीचं सांगण्यासारखं काही नाही. १९८४च्या सुमारास केंद्राच्या ‘क्लास’ योजनेतून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. नव्वदीत काचेच्या खोल्या झाल्या, बाहेर चपला काढायच्या आणि आत सरांनी कळ दाबलेली बघायची. ती वर्षं सोडून देऊ.

खरी लॅब चालली ती २००५ ते २०१४मध्ये, म्हणजे भारनियमन ऐन भरात असताना. २००१मध्ये दाभोळ बंद पडलं होतं, राज्यात वीज पुरत नव्हती. ज्या फीडरवर गळती जास्त आणि वसुली कमी, त्याला कात्री मोठी, असा महावितरणचा हिशेब होता. आमची शाळा जुन्या औरंगाबादेतल्या अशाच एका फीडरवर. भारनियमनाचं वेळापत्रक वर्तमानपत्रात यायचं, ते कापून लॅबच्या दारावर चिकटवायचं आणि तासिका त्यावर बेतायच्या. वेळापत्रकातल्या लाइटचा त्रास नव्हता, पाच मिनिटं आधी यंत्रं नीट बंद करता यायची. घात करायची ती अवेळी जाणारी. संस्थेने जनरेटर घेतला होता, पण त्याचं डिझेल स्नेहसंमेलनासाठी राखीव! तपासणीला येणारे साहेब यंत्रं मोजून जात. त्यातली चालू किती, हे विचारलेलं मी ऐकलं नाही.

लाइट गेल्याने विंडोज का उठत नाही, हे आधी समजून घ्यावं लागलं. लिहायला दिलेला मजकूर क्षणभर हार्ड डिस्कच्या तात्पुरत्या स्मृतीत थांबलेला असतो. तेवढ्यात वीज गेली तर तो तिथेच संपतो. एनटीएफएसची नोंदवही फाइलींची मांडणी सावरते, फाइलीच्या आतला मजकूर नाही. विंडोजची रजिस्ट्री तर सतत लिहिली जाते. ती अर्धवट राहिली की एक्सपीवर \WINDOWS\SYSTEM32\CONFIG\SYSTEM हरवल्याचा संदेश, विंडोज ७वर दुरुस्तीचं न संपणारं चक्र. आणि लाइट परत येते तीही सरळ येत नाही, दोन-तीन झटके देते. बायोसमध्ये Restore on AC Power Loss हे Power On असेल तर यंत्र प्रत्येक झटक्याला उठतं आणि पुन्हा पडतं. आम्ही सगळीकडे ते Power Off केलं. एक पैसा लागला नाही आणि मरणारी यंत्रं निम्म्याहून कमी झाली असावीत.

तरी काही मरायचीच. तोवर देखभालवाला यायचा, बॅगेतली चोरीची सीडी काढायचा, सबंध डिस्क फॉरमॅट करायचा आणि पोरांचं वर्षाचं काम पुसून बिल लावून जायचा. आम्ही त्याला बोलावणं बंद केलं आणि डिस्क इमेजवर आलो. एक यंत्र नीट लावून त्याच्या डिस्कची आहे तशी नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवायची आणि दुसरं पडलं की ती त्यावर ओतायची. आधी घोस्ट होतं, पुढे तैवानचं फुकट क्लोनझिला.

नमुन्याचं यंत्र तयार करण्यातच खरं काम. डिस्क १६० जीबीची. त्यात विंडोजचा छोटा राखीव भाग, मग ४० जीबीची सी आणि उरलेली डी. पोरं सगळं डेस्कटॉपवरच ठेवतात, म्हणून डेस्कटॉपचा फोल्डरच डीवर हलवला. सीमध्ये विंडोज, लिब्रे ऑफिस, स्क्रॅच, मराठी कळफलक, बस्स. भरलेला भाग १४ जीबी. क्लोनझिला वापरलेलाच भाग उचलतं आणि दाबून ठेवतं, त्यामुळे इमेज सातेक जीबीची झाली. ती लहान ठेवण्यामागे हट्ट होता. यूएसबीवरून ती आठ-दहा मिनिटांत उतरायची आणि ६०० व्हीएचा यूपीएस, बॅटरी नवी असेल तर, एक यंत्र तेवढंच धरायचा. नेटवर्कवरून दहा यंत्रांवर एकदम ओतायची सोयही होती. ती आम्ही मुद्दाम वापरली नाही, कारण मधेच लाइट गेली तर दहाही अर्धवट.

आता सात नंबरचं यंत्र घ्या. सोमवारी उघडलं तर उठेना. लगेच इमेज ओतायची नाही, ही आमची पहिली अट. पंखा फिरतो का? फिरतो, म्हणजे एसएमपीएस जिवंत. पडद्यावर काय? CMOS checksum error. म्हणजे बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला, बायोस मूळपदावर गेला आणि त्यासोबत डिस्कची पद्धत AHCIवरून IDEवर आली. म्हणून विंडोज 0x0000007B दाखवून पडत होतं. सेल बदलला, तारीख लावली, AHCI परत केलं, यंत्र उठलं. इथे इमेज ओतली असती तर दहा मिनिटंही गेली असती आणि यंत्र उठलंही नसतं.

पुढे पावसाळ्यात तेच पुन्हा पडलं. या वेळी बायोस ठीक, डिस्क यादीत दिसते, पण विंडोज चक्रात. मग पेनड्राइव्हवरून क्लोनझिला चालू करून आधी sudo smartctl -A /dev/sda पाहिलं. Current_Pending_Sectorपुढे शून्य नसतं तर डिस्कच बदलावी लागली असती. मरत्या डिस्कवर इमेज ओतणं वाया जातं. शून्य होतं. इमेजांची डिस्क /home/partimagवर जोडली आणि ही ओळ दिली:

```
sudo ocs-sr -e1 auto -e2 -c -k -p reboot \
 restoreparts lab-jun sda1 sda2
```

sda3, म्हणजे डी, या ओळीत नाही, हेच तिचं सार. -cमुळे ते ओतण्याआधी विचारतं. तिथे थांबून डिस्कचा आकार वाचायचा. sda आणि sdb उलटे झाले तर इमेजांचीच डिस्क पुसली जाते. ओतताना लाइट गेली तर बिघडत नाही, पुन्हा पहिल्यापासून, कारण इमेज फक्त वाचली जात असते. इमेज बनवताना गेली तर मात्र ती फाइल टाकून द्यायची. म्हणून जुनी इमेज नवी तपासून झाल्याशिवाय पुसत नसू.

ही व्यवस्था सगळीकडे चालली नाही. नंतर आलेल्या यंत्रांचा मदरबोर्ड वेगळा होता, त्यांना वेगळी इमेज लागली. एकदा नमुन्याच्या यंत्रात व्हायरस होता, तो आम्ही मोठ्या इमानाने सगळ्यांना वाटला. पण या सगळ्या पायऱ्या लिहून कपाटाच्या दाराआत चिकटवलेला कागद वाचून नववीची पोरंही यंत्र उठवायची, आणि आमचे शिपाईमामा सेल तर माझ्यापेक्षा पटकन बदलायचे.

मग शहरातलं भारनियमन ओसरलं तसा कागदही विसरला गेला. बांधा-वापरा-हस्तांतरित करा करारांवर ठिकठिकाणी नेमलेले संगणक शिक्षक करार संपताच घरी गेले, त्यांच्यासोबत हे हातचं ज्ञानही गेलं.

नव्या यंत्रांवर मी पेनड्राइव्ह लावून पाहिला. बायोसला पासवर्ड आहे आणि तो शाळेकडे नाही. कंपनी म्हणते करारात बसत नाही, हेडसर म्हणतात वॉरंटी जाईल. पुढच्या निविदेत एवढं तरी लिहून घ्या: बायोसचा पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे, विद्यार्थ्यांचं काम वेगळ्या विभागात, आणि यंत्रं लावून झाली त्याच दिवशी घेतलेली, एका यंत्रावर ओतून दाखवलेली इमेज शाळेच्या ताब्यात. ते होईपर्यंत यूपीएसच्या बॅटऱ्या तरी बदला. त्या दोन-तीन वर्षांतच जातात, आणि त्याही या करारात नाहीत.