सावली सांगते तारीख

मुलांनो, वर्षातील सर्वांत लहान दिवस कोणता, असे विचारले तर तुमच्यापैकी काही जण २१ डिसेंबर म्हणतील आणि काही जण २२ डिसेंबर म्हणतील. पुस्तकांतही कधी ही तारीख दिसते, कधी ती. मग खरी तारीख कोणती? दोन्ही खऱ्या आहेत. ही तारीख कशी शोधतात आणि ती एका दिवसाने मागेपुढे का होते, ते या पाठात पाहू.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, पण ती सरळ उभी राहून फिरत नाही. तिचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे आपल्याला सूर्य सहा महिने उत्तरेकडे आणि सहा महिने दक्षिणेकडे सरकताना दिसतो. जूनमध्ये तो उत्तरेकडील शेवटच्या टोकाला, म्हणजे कर्कवृत्तावर पोहोचतो. डिसेंबरमध्ये तो दक्षिणेकडील टोकाला, म्हणजे मकरवृत्तावर असतो. या दोन दिवसांना अयनदिन म्हणतात. मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये सूर्य बरोबर विषुववृत्तावर येतो. त्या दिवसांना संपातदिन किंवा विषुवदिन म्हणतात.

सावली मोजू या

हे दिवस शोधण्यासाठी दुर्बीण लागत नाही. एक मीटर उंचीची सरळ काठी आणि सपाट जमीन पुरे. आपल्या देशातील जुने ज्योतिषी अशा काठीला शंकू म्हणत. भर दुपारी सावली सर्वांत आखूड होते, त्या वेळेला मध्यान्ह म्हणतात. रोज मध्यान्हाची सावली मोजली की सूर्य कोठे पोहोचला ते कळते.

बुलडाणा शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे साडेवीस अंशांवर आहे. त्यावरून गणिताने सावलीची लांबी काढता येते. संपातदिनी येथे १०० सेंटिमीटर काठीची मध्यान्हाची सावली सुमारे ३७ सेंटिमीटर असते आणि ती उत्तरेकडे पडते. डिसेंबरच्या अयनदिनी ती वाढून सुमारे ९६ सेंटिमीटर होते. जूनच्या अयनदिनी मात्र गंमत होते. त्या दिवशी सूर्य आपल्या डोक्याच्याही थोडा उत्तरेकडे असतो. म्हणून सावली दक्षिणेकडे पडते आणि ती फक्त ५ सेंटिमीटर असते.

मध्यान्ह घड्याळात बारा वाजता होईल असे समजू नका. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरवली आहे. बुलडाणा त्याच्या पश्चिमेला आहे. त्यामुळे येथे सूर्य माथ्यावर यायला सरासरी २५ मिनिटे उशीर होतो. ही वेळ वर्षभर थोडी बदलतेही. २२ नोव्हेंबरला मध्यान्ह सुमारे १२ वाजून ११ मिनिटांनी होतो, तर २० जानेवारीला सुमारे १२ वाजून ३६ मिनिटांनी होतो. म्हणून बारापासून पाऊणपर्यंत दर पाच मिनिटांनी खूण करावी आणि सर्वांत जवळची खूण धरावी.

अडचण आणि उपाय

आता तुम्ही म्हणाल, "सोपे आहे! ज्या दिवशी सावली सर्वांत लांब, तोच डिसेंबरचा अयनदिन." पण येथेच फसगत होते. टोकाला पोहोचताना सूर्याचे सरकणे अगदी मंद होते. झोका वर गेल्यावर क्षणभर थांबल्यासारखा वाटतो ना, तसेच. अयनदिनाच्या दहा दिवस आधीची सावली आणि अयनदिनाची सावली यांत जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा फरक असतो. शेजारच्या दोन दिवसांत तर केसाएवढाही फरक दिसत नाही. मग २१ की २२ हे कसे ठरवणार?

उपाय असा. टोकाच्या दिवशी मोजूच नका. आधी एकदा मोजा आणि नंतर एकदा मोजा. २२ नोव्हेंबरला मध्यान्हाची सावली सुमारे ८६ सेंटिमीटर असते. त्या दिवसांत ती रोज सुमारे ६ मिलिमीटरने वाढते. एवढा फरक पट्टीवर सहज कळतो. पुढे सावली वाढत जाते, टोक गाठते आणि पुन्हा कमी होऊ लागते. २० जानेवारीला ती पुन्हा ८६ सेंटिमीटर होते. या दोन तारखांमध्ये ५९ दिवस आहेत. त्यांचे निम्मे साडेएकोणतीस. २२ नोव्हेंबरच्या मध्यान्हापासून साडेएकोणतीस दिवस मोजा. आपण २१ आणि २२ डिसेंबरच्या मधल्या रात्री येऊन पोहोचतो. ज्या दिवशी काही मोजताच आले नसते, तो दिवस आपल्याला दोन्ही बाजूंनी सापडला.

यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली गोष्ट, काठी ओळंब्यात हवी. ती उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे एक अंश जरी कलली, तरी सावली काही दिवसांनी चुकते. नोव्हेंबरनंतर ती हलली असेल तर जानेवारीचे माप व्यर्थ जाते. दुसरी गोष्ट, सावलीचे टोक कधीच स्पष्ट नसते. सूर्य हा बिंदू नाही, ती मोठी तबकडी आहे. म्हणून टोकाजवळ दीड-दोन सेंटिमीटर पट्टा अंधूक दिसतो. यासाठी काठीच्या वर पुठ्ठ्याचा तुकडा बसवावा आणि त्याला बारीक छिद्र पाडावे. सावलीच्या मध्ये प्रकाशाचा छोटा कवडसा पडेल. त्या कवडशाच्या मध्यावर खूण करावी. छिद्राच्या बरोबर खाली ओळंबा सोडून जमिनीवर बिंदू काढावा आणि तेथून अंतर मोजावे. या वेळी छिद्राची उंची एक मीटर हवी. सूर्याकडे मात्र डोळ्यांनी कधीही पाहू नये.

जूनचा अयनदिन आपल्याकडे असा शोधणे कठीण जाते. तो दिवस आणि त्याच्या पुढचे आठवडे पावसाळ्यात येतात. ढग असले की सावली कोठून येणार? संपातदिन शोधणे मात्र सोपे आहे. त्या वेळी सूर्य भराभर सरकतो आणि सावली रोज सुमारे ८ मिलिमीटरने बदलते.

काही जण दिनदर्शिकेतील सूर्योदय व सूर्यास्त पाहून संपातदिन शोधतात. दिवस आणि रात्र समान असतील तोच संपातदिन, असे ते मानतात. यातही चूक होते. सूर्याची वरची कड दिसली की आपण सूर्योदय म्हणतो. शिवाय हवेमुळे किरण वाकतात आणि सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो. त्यामुळे संपाताच्या दिवशी बुलडाण्यात दिवस रात्रीपेक्षा मोठाच असतो. त्याची लांबी सुमारे १२ तास ७ मिनिटे असते. खरा समान दिवस जवळजवळ सहा दिवस आधी, १४ मार्चच्या सुमारास येऊन गेलेला असतो.

तारीख का बदलते?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. अयन आणि संपात यांना आपण 'दिवस' म्हणतो, पण खरे तर ते क्षण आहेत. सूर्य टोकाला पोहोचतो तो एक ठरावीक क्षण असतो. एका वर्षीच्या या क्षणापासून पुढच्या वर्षीच्या क्षणापर्यंत सरासरी ३६५ दिवस, ५ तास आणि सुमारे ४९ मिनिटे जातात. आपली दिनदर्शिका मात्र ३६५ दिवसांचीच असते. उरलेले पावणेसहा तासांपेक्षा थोडे जास्त कोठे जातील? तेवढा तो क्षण दरवर्षी पुढे सरकतो.

डिसेंबरच्या अयनाच्या भारतीय वेळा पाहा :

२०२० – २१ डिसेंबर, दुपारी ३:३२
२०२१ – २१ डिसेंबर, रात्री ९:२९
२०२२ – २२ डिसेंबर, पहाटे ३:१८
२०२३ – २२ डिसेंबर, सकाळी ८:५७
२०२४ – २१ डिसेंबर, दुपारी २:५१

२०२० मध्ये दुपार होती, २०२१ मध्ये रात्र झाली. त्यात आणखी पावणेसहा तास मिळवले की मध्यरात्र ओलांडली जाते आणि तारीख २२ होते. २०२३ मध्येही २२ तारीखच राहिली. मग २०२४ मध्ये ती २१ वर परत कशी आली? २०२४ हे लीप वर्ष होते. फेब्रुवारीत २९ तारीख जास्त आली. त्यामुळे पुढची प्रत्येक तारीख एक दिवस उशिरा आली. नाहीतर तोच क्षण २२ डिसेंबरच्या दुपारी आला असता.

दरवर्षीची वाढ अगदी सारखी नाही, हेही तुमच्या लक्षात आले असेल. चंद्र आणि इतर ग्रह पृथ्वीला किंचित ओढतात, म्हणून काही मिनिटांचा फरक पडतो.

आणखी एक कारण आहे. तो क्षण साऱ्या जगासाठी एकच असतो, पण घड्याळे वेगवेगळी असतात. २०२३ सालचा मार्चमधील संपात इंग्लंडमध्ये २० मार्चला रात्री ९:२४ वाजता झाला. त्याच क्षणी भारतात २१ मार्चची पहाट होती आणि घड्याळात २:५४ वाजले होते. क्षण एक, तारखा दोन.

लीप वर्षाचा हिशेब

चार वर्षांत हा क्षण सुमारे २३ तास १५ मिनिटे पुढे जातो. लीप वर्ष मात्र त्याला पूर्ण २४ तास मागे आणते. म्हणजे दर चार वर्षांनी तो सुमारे ४५ मिनिटे अलीकडे येतो. वरच्या यादीत २०२० आणि २०२४ या वेळा पुन्हा ताडून पाहा. ४५ मिनिटे थोडी वाटतात, पण शतकांत त्यांचे दिवस होतात. जुन्या रोमन दिनदर्शिकेत दर चौथे वर्ष लीप होते. त्यामुळे १५८२ सालापर्यंत मार्चचा संपात ११ मार्चवर आला होता. तेव्हा पोप ग्रेगरी यांनी दहा तारखा गाळल्या. ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. पुढे पुन्हा तसे होऊ नये म्हणून चारशे वर्षांत तीन लीप दिवस कमी केले. म्हणूनच १९०० हे लीप वर्ष नव्हते, २००० होते आणि २१०० नसेल.

इराणने दुसरी वाट धरली. १०७९ साली सुलतान मलिकशहा यांच्या काळात जलाली दिनदर्शिका सुरू झाली. ती तयार करणाऱ्या विद्वानांत उमर खय्याम होते. त्यांनी नवरोज थेट वसंतसंपाताला बांधला. संपात झाला की नवे वर्ष सुरू. तेथे तारीख सूर्यामागे चालते. आपल्या दिनदर्शिकेत तारखा मोजणीने चालतात आणि सूर्याचा क्षण त्यांच्यात कधी २१ वर, कधी २२ वर येऊन पडतो.

शब्दार्थ
आस – ज्या रेषेभोवती पृथ्वी फिरते ती कल्पित रेषा
मध्यान्ह – भर दुपार
ओळंबा – गवंड्याचे वजन बांधलेले दोर
फसगत – फसवणूक, चुकीची समजूत
कवडसा – छिद्रातून पडलेला प्रकाशाचा ठिपका
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे

स्वाध्याय
१. अयनदिनी सावली मोजून तारीख का ठरवता येत नाही?
२. संपातदिनी दिवस रात्रीपेक्षा मोठा का असतो?
३. २०२५ साली डिसेंबरचे अयन २१ तारखेला रात्री ८:३३ वाजता झाले. त्यात ५ तास ४९ मिनिटे मिळवून २०२६ ची तारीख व वेळ काढा.

उपक्रम
शाळेच्या मैदानात १ नोव्हेंबरपासून दर सोमवारी मध्यान्हाची सावली मोजा. फेब्रुवारीअखेर तक्ता पूर्ण करा. समान लांबीच्या दोन तारखा निवडून त्यांचा मध्य काढा.