लाइट गेल्यावरची पाच मिनिटं

लघुपट करू पाहणाऱ्या नवख्या मंडळींना एक कल्पना फार आवडते. रात्री लाइट जाते, एक बाई गॅलरीत दिवा लावते आणि एकेक करून शेजारी तिच्याभोवती जमतात. कल्पना साधी आहे आणि खर्चही कमी: एक इमारत, चार माणसं, एक पणती. पण कागदावर उतरली की ती बहुतेक वेळा फसते, कारण लिहिणारा सरळ शेवटाकडे धावतो. दिवा लागला, शेजारी आले, सगळे हसले. ते का आले, हा प्रश्न राहूनच जातो. या कथेची सगळी पटकथा त्या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे, म्हणून आपण ती पायरीपायरीने लिहून पाहू.

५ एप्रिल २०२० ची रात्र अनेकांना आठवत असेल. नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे मालवून लोकांनी गॅलरीत पणत्या आणि मेणबत्त्या लावल्या होत्या. दृश्य विलक्षण होतं, पण त्याची गोष्ट सांगायला गेलं तर अडखळायला होतं, कारण सगळ्यांचं कारण एकच होतं आणि वेळ आधीच ठरलेली होती. गोष्टीत असं चालत नाही. तिथे पहिलीला दिवा तिच्या कामासाठी हवा असतो, दुसरी वेगळ्या कारणाने येते आणि तिसरीला यायचंच नसतं.

म्हणून आधी बाईला काम द्यायचं. आपली शालन, वय पन्नाशीच्या आसपास, घरी बसून साड्यांना फॉल लावून देते. एक साडी उद्या सकाळी द्यायची आहे आणि हातभर फॉल अजून लावायचा आहे. हे काम हाताने, बारीक टाक्यांचं. ते पाहिलं की तिला उजेड का हवा, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग मोबाइलचा बंदोबस्त. आजचा प्रेक्षक लगेच विचारणार, टॉर्च का लावत नाही? या प्रश्नाला पहिल्या मिनिटातच उत्तर हवं. शालन टॉर्च लावते, साडीवाल्या बाईंचा फोन येतो, "सकाळी नऊला येते हं" एवढं बोलून होतं आणि बॅटरी संपते. एका घटनेत दोन कामं झाली: टॉर्च गेला आणि मुदत कळली. इन्व्हर्टरचंही तसंच. समोरच्या विंगमध्ये एका घरात पांढरा उजेड दिसू द्यावा, म्हणजे शालनकडे इन्व्हर्टर नाही, हे न बोलता समजतं.

आता शेजारी. वरच्या मजल्यावरच्या वहिनींशी शालनचं बोलणं बंद आहे. कारण अगदी रोजचं: वहिनी कपडे न पिळता वाळत घालतात आणि पाणी शालनच्या गॅलरीत ठिबकतं. लाइट असतानाच पहिल्या दृश्यात हे दाखवून ठेवायचं. शालन साडी आत ओढते, ठिबकणाऱ्या जागी बादली सरकवते आणि वर पाहून काहीतरी पुटपुटते. एवढं पुरे. भांडणाचा इतिहास संवादातून सांगत बसलं की पाच मिनिटांतलं एक मिनिट तिथेच जातं.

लाइट गेल्याचा क्षण डोळ्यांपेक्षा कानांनी लिहायचा असतो. पडदा काळा होतो, मग उरतं काय? पंख्याची घरघर मंदावत जाते. फ्रिजची गुणगुण थांबते. शेजारचा टीव्ही वाक्याच्या मधेच तुटतो. कुणीतरी विचारतं, "आपलीच गेली का सगळ्यांची?" आणि दुसरं कुणी सांगतं, डीपी उडाली असेल. या सगळ्याखाली एक आवाज आता प्रथमच स्पष्ट ऐकू येतो: बादलीत पडणारा थेंब. तो ऐकू आला पाहिजे, कारण पुढची गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

दिवा कोणता, हेही ठरवायला हवं. देवघरातली समई शालन शिवणासाठी बाहेर आणणार नाही. दिवाळीची कोरी पणती घेतली तर ती तेल पिते, म्हणून तर आपण पणत्या आधी पाण्यात भिजवतो. तेव्हा मागच्या दिवाळीत वापरलेली, तेलाने काळवंडलेली पणती, स्वयंपाकाचं तेल आणि हाताने वळलेली कापसाची वात. घरात उकडतंय म्हणून ती गॅलरीत येते. तिथे वारा आहे, दोन काड्या विझतात, तिसरीला ती पणती तुळशीच्या कुंडीच्या आडोशाला ठेवते. हे तपशील नुसत्या सजावटीसाठी नाहीत. विझणाऱ्या दोन काड्यांमुळे ज्योत किती नाजूक आहे ते प्रेक्षकाला कळतं आणि पुढे थेंब पडतो तेव्हा त्याचा श्वास अडकतो.

आता थोडा हिशेब उजेडाचा. एका मेणबत्तीचा उजेड एक मीटरवर साधारण एक लक्स पडतो. अंतर दुप्पट झालं की तो चौथाईवर येतो आणि तिप्पट झालं की नवव्या हिश्शावर. पणतीचं गणितही असंच. म्हणजे शालनचे हात आणि हनुवटी दिसेल, शेजारच्या कठड्यावरून वाकलेल्या मुलीचा चेहरा अंधुक दिसेल, पण सुमारे तीन मीटर वर उभ्या असलेल्या वहिनी जवळजवळ दिसणारच नाहीत. पटकथेत ‘वहिनी वरून पाहतात, त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप उमटतो’ असं लिहिलं तर ते चित्रित होणं अशक्य. वहिनींना आवाजाने आणायचं. तो भाग असा लिहिता येईल:

दृश्य ४. बाहेर. शालनची गॅलरी. रात्र.

पणतीजवळ शालन. सुईतला दोरा संपतो. ती नवा दोरा ओवू पाहते. एकदा, दोनदा. जमत नाही.

शालन: राधे, एवढी सुई ओवून दे गं.

शेजारच्या कठड्यावरून दहा वर्षांची राधा हात पुढे करते. सुई ओवून परत देते, पण हात मागे घेत नाही.

राधा: काकू, मी तिकडे येऊ? आमच्याकडे काहीच दिसत नाही.

वरून थेंब पडतो, पणतीच्या अगदी शेजारी. चर्र. ज्योत आडवी होते. शालन दोन्ही हातांची ओंजळ धरते. ज्योत सावरते.

शालन वर पाहते. काही बोलत नाही.

वर अंधार. बांगड्यांचा आवाज. चिमटा निघाल्याचा आवाज. मग दुसरा. तिसरा. ओले कपडे ओढले जात आहेत.

बादलीतली टपटप थांबते.

वरून दोरीला बांधलेली भाजीची पिशवी हळूहळू उजेडात उतरते. शालन हात घालते. आत दोन मेणबत्त्या.

शालन: (वर, जरा थांबून) खालीच या वहिनी. जिन्यात अंधार आहे, सांभाळून.

इथे माफी नाही, समजूत नाही. कपडे ओढले गेले आणि ‘वहिनी’ अशी हाक आली, त्यात दोघींचं म्हणणं पूर्ण झालं. राधा आली उजेडासाठी, वहिनींना आणलं त्यांच्याच पाण्याच्या थेंबाने. यापलीकडचे शेजारी जवळ आणायची गरज नाही. दूरच्या ज्योतीने भोवतालचं काही उजळत नसलं तरी ज्योत स्वतः लांबून दिसते. समोरच्या विंगमध्ये एक ठिपका, मग आणखी दोन, एवढ्यावर इमारत जागी झाल्याचं कळतं. दहा माणसं गॅलरीत उभी केली तर कुणाचाच चेहरा दिसत नाही आणि कुणाचीच गोष्ट राहत नाही.

शेवटाचा क्षण म्हणजे लाइट येते तो. "आऽऽली!" असा गलका सगळ्या इमारतीत उठतो. इथे अनेक पटकथा संपतात, आणि तेच चुकतं. खरी परीक्षा लाइट आल्यावर आहे, कारण जमण्याचं कारण आता उरलेलं नाही. राधा टीव्हीकडे पळते, तिने पळावंच. वहिनींच्या हातात साडीचं दुसरं टोक आहे आणि वीतभर फॉल अजून बाकी आहे. त्या म्हणतात, "एवढं होऊ दे," आणि बसून राहतात. शालनने पणती फुंकर मारून विझवू नये. आपल्याकडे दिवा फुंकत नाहीत, वात तेलात सारून त्याला निरोप देतात. मराठी घरातल्या प्रेक्षकाला ही चूक ताबडतोब टोचते.

चित्रण करणाऱ्यासाठी दोन गोष्टी पटकथेतच टिपून ठेवाव्यात. एकाच पणतीच्या उजेडात चित्रण करणं अवघड असतं. स्टॅन्ली कुब्रिक यांनी १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मधल्या मेणबत्तीच्या दृश्यांसाठी नासाकरता बनवलेली झाइस कंपनीची भिंगं वापरली, आणि तरी कलाकारांना फारसं हलता येत नव्हतं, कारण जरा पुढेमागे झालं की चेहरा धूसर होई. आजचे साधे कॅमेरेही कमी उजेडात बरंच टिपतात, तरी पणतीत दोन वाती ठेवाव्यात आणि कुंडीमागे ज्योतीच्याच पिवळसर रंगाचा छोटा दिवा लपवावा. दुसरी गोष्ट सातत्याची. चित्रण दोन तास चालतं, गोष्टीत मात्र पाच मिनिटंच जातात. तेलाची पातळी आणि वातीची काजळी प्रत्येक टेकआधी सारखी केली नाही, तर संकलनात ज्योत मधेच मोठी आणि मधेच लहान दिसते. साडी सुती घ्यावी, ज्योतीपासून हातभर लांब ठेवावी आणि पाण्याची बादली जवळ असू द्यावी. ती आपल्या गोष्टीत आहेच.

लांबीचा अंदाज पानांवरून घेऊ नये. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरलेल्या टंकाचा आणि मांडणीचा आहे. आपल्या देवनागरी पानाला तो लागू पडेलच असं नाही, शिवाय या कथेत संवाद कमी आणि थांबे जास्त. घड्याळ लावून, प्रत्येक कृतीला लागतो तेवढा वेळ देत मोठ्याने वाचावं. सुई ओवायचा प्रयत्न दोनदा फसतो, त्याला सहज पंधरा सेकंद लागतात, कागदावर मात्र ती अर्धी ओळ असते.

पटकथा लिहून झाली की लाल पेन घ्या आणि दिसत नाही किंवा ऐकू येत नाही अशी प्रत्येक ओळ खोडा. ‘तिला बालपण आठवतं’, ‘शेजाऱ्यांना आपलेपणा वाटतो’ अशी वाक्यं तिथेच गळून पडतील. मग उरलेली पानं गोष्ट माहीत नसलेल्या कुणालातरी वाचून दाखवा आणि एकच प्रश्न विचारा: वहिनी खाली का आल्या? उत्तर बरोबर आलं तर चित्रणाची तारीख ठरवा. नाही आलं, तर पहिल्या दृश्यातल्या बादलीपासून पुन्हा लिहायला घ्या.